दिवंगत आजीच्या वाढदिवसाची पोस्ट : एका लेखनप्रकाराची पार्श्वभूमी

दिवंगत आजीच्या वाढदिवशी स्वतःच्या सार्वजनिक प्रोफाइलवर चार ओळी लिहिण्याची पद्धत आज इतकी सरावाची झाली आहे की ती अगदी अलीकडची आहे, हे सहसा लक्षात येत नाही. गेलेल्या माणसाविषयी सर्वांसमोर लिहिण्याची रीत मात्र जुनी असून तिचे मूळ वर्तमानपत्रांतील स्मृतिस्तंभांत सापडते. त्या जाहिरातींचे पैसे मजकुराच्या लांबीनुसार मोजावे लागत, त्यामुळे ठरावीक शब्दयोजना आणि तयार कडवी यांचा सुळसुळाट झाला. फिलाडेल्फियातील एका दैनिकात मृत्यूच्या बातमीखाली सांत्वनपर कविता छापण्याची प्रथा होती. त्याच त्या ओळी नाव बदलून वेगवेगळ्या मृतांसाठी कशा वापरल्या जातात, यावर मार्क ट्वेन यांनी १८७० मध्ये खुसखुशीत टीका केली होती. आजच्या पोस्टमधल्या ‘प्रेमाचा सागर’ आणि ‘मायेची सावली’ या शब्दांकडे पाहिले, तर ओळींचे पैसे पडेनासे झाले तरी सवय सुटली नाही, असेच म्हणावे लागते.

या छापील स्मरणाची मुख्य तारीख मृत्यूची होती. तिच्या शेजारी जन्मतारीखही ठळकपणे आली, याचे बरेचसे कारण समाजमाध्यमांच्या रचनेत आहे. फेसबुकसारख्या संकेतस्थळांवर नाव नोंदवताना जन्मतारीख द्यावी लागते, आणि त्या दिवशी ओळखीच्यांना आठवण करून देणे हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. माणूस गेला तरी ही यंत्रणा थांबत नसे. गेलेल्या मित्रांशी पुन्हा संपर्क साधा, अशा सूचना लोकांना येऊ लागल्यावर २००९ च्या ऑक्टोबरमध्ये फेसबुकने दिवंगतांची खाती स्मृतिखात्यांत बदलण्याच्या सोयीची जाहीर माहिती दिली. अशा खात्यांच्या वाढदिवसाची आठवण कोणालाही पाठवली जात नाही. २०१५ मध्ये खात्याचा वारसदार नेमण्याची सोय झाली आणि २०१९ मध्ये श्रद्धांजलीपर मजकुरासाठी वेगळा विभाग आला. दरम्यान जेड ब्रुबेकर आणि जिलियन हेज या संशोधकांनी मायस्पेस या समाजमाध्यमावरील दिवंगतांच्या पानांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मृत्यूनंतर बराच काळ उलटल्यावरही लोक तेथे लिहीत राहतात, वाढदिवसासारख्या दिवशी अधिक लिहितात, आणि पुष्कळदा थेट त्या व्यक्तीलाच उद्देशून लिहितात, असे त्यांना आढळले.

आजीच्या बाबतीत येथे एक पेच निर्माण होतो. तरुण मित्र गेला तर त्याचे पान मागे राहते, तेथे लिहिणारे आणि वाचणारे दोघेही त्याला ओळखत असतात. बहुतेक आज्यांचे मात्र असे पान कधी नव्हतेच. मग नातवंडे स्वतःच्या प्रोफाइलवर लिहितात, आणि तेथील वाचक आजीचे नसून नातवंडाचे असतात : सहकारी, वरिष्ठ, शाळेतले मित्र, कधी एकदाच भेटलेले ग्राहक. वेगवेगळ्या वर्तुळांतील माणसे एकाच मजकुरासमोर येण्याच्या या स्थितीचा डॅना बॉइड आणि अ‍ॅलिस मार्विक या अभ्यासकांनी सविस्तर विचार केला आहे. ‘आजी, तुझी खूप आठवण येते’ हे वाक्य आजीच्या ओळखीच्यांत सहज पोचते, पण अनोळखी वाचकाला मात्र दुसऱ्याचे पत्र चोरून वाचल्यासारखे वाटते. म्हणूनच सार्वजनिक प्रोफाइलवर तृतीय पुरुषात लिहिणे मला अधिक योग्य वाटते, आणि ‘तू’ने सुरू होणारा मजकूर घरच्यांच्या मर्यादित गटासाठी ठेवावा.

एक काल्पनिक मसुदा घेऊन पाहू. त्यात आजीचे संपूर्ण नाव, माहेरचे आडनाव, जन्मगाव, जन्माची दिवस-महिना-वर्षासह तारीख, शेवटच्या आजारपणाचे वर्णन आणि अंथरुणावरचा फोटो आहे. शेवटी ‘तिच्यासारखी माणसे आता होत नाहीत’ असे वाक्य आहे. लिहिणाऱ्याला हे सगळे अत्यंत व्यक्तिगत वाटते, पण त्यात आजी माणूस म्हणून कोठेच दिसत नाही. शिवाय माहेरची आडनावे आणि जन्मगावे ही खात्यांच्या सुरक्षा-प्रश्नांची नेहमीची उत्तरे आहेत. त्यात आजी आईची आई असेल, तर तिच्या संपूर्ण नावातले सासरचे आडनाव हेच आईच्या माहेरचे आडनाव असण्याची शक्यता मोठी. २००८ मध्ये अमेरिकेतील उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते अशाच उघड उपलब्ध माहितीच्या आधारे परक्याने उघडले होते. आजारपणाचा प्रश्न वेगळा आहे : तो तपशील जगजाहीर करण्याची परवानगी आजीने दिलेली नसते आणि तिची मुले तो पोस्टमध्ये अचानक वाचतात.

आता तोच मसुदा असा होऊ शकतो : ‘आज माझ्या आजीचा जन्मदिवस. ती जाऊन काही वर्षे झाली. ती वर्तमानपत्र पेन्सिल हातात घेऊन वाचत असे आणि चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारून समासात बरोबर शब्द लिहीत असे, जणू दुसऱ्या दिवशी संपादक तो अंक परत न्यायला येणार होता. कामाचा कोणताही कागद पाठवण्यापूर्वी मी तो एकदा पेन्सिल घेऊन वाचतो, ते तिच्यामुळे.’ येथे नाव नाही, वर्ष नाही, आजार नाही, तरीही ही दुसऱ्या कोणाची आजी असू शकत नाही. शेवटचे वाक्य लिहिणाऱ्याच्या कामाशी जोडलेले असल्याने व्यावसायिक ओळखीच्या वाचकालाही ते परके वाटत नाही. मात्र ते तेथेच थांबायला हवे. त्यापुढे स्वतःच्या बढतीचा किंवा नव्या उपक्रमाचा उल्लेख आला, की आजी निमित्तमात्र होते आणि वाचकाला ते लगेच कळते. वर्ष गाळूनही एक मर्यादा उरतेच : पोस्टची तारीख स्वतःच दिवस आणि महिना सांगते. ज्यांना तेही नको असेल, त्यांनी ‘या आठवड्यात’ असे लिहून दोन-तीन दिवस मागेपुढे पोस्ट करावी. फोटो जुना आणि एकटीचा असावा. त्यात हयात नातेवाईक असतील तर आधी त्यांना विचारावे.

या प्रकारात सर्वाधिक आढळणारी गफलत भावनेची नसून मांडणीची आहे. लांब पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर ‘आणखी पाहा’मागे जातो. सुरुवातीला केवळ ‘आज आजीचा वाढदिवस’ एवढेच असेल, तर घाईतले लोक हसरा फोटो पाहून ‘शंभर वर्षे जगा’ असे लिहून मोकळे होतात. उलट सुरुवातीलाच शोकाचे शब्द असतील, तर मृत्यू कालच झाला असे समजून घरी फोन येऊ लागतात. प्रतिक्रियांत अभिनंदन आणि सांत्वन यांची सरमिसळ दिसू लागली, की पहिली ओळ संदिग्ध आहे असे समजावे. ‘ती जाऊन काही वर्षे झाली’ हे वाक्य वरच्या नमुन्यात पहिल्या वाक्यानंतर लगेच ठेवले आहे, ते याच कारणाने.