खरं तांबं आणि पुरतं तांबं

घराचं वायरिंग नव्याने करायचं ठरलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "प्युअर कॉपर आहे ना?" दुकानदार बंडलाचं टोक सोलतो, लालसर चमकणाऱ्या तारा पिळून दाखवतो आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. कंत्राटदार म्हणून इतकी वर्षं मी हेच बघतोय. आता खरंच कंटाळा आलाय, कारण दुकानातली बहुतेक हलकी वायर या परीक्षेत आरामात पास होते. ती तांब्याचीच असते. फक्त तिच्यात तांबं कमी असतं.

आधी सोपं प्रकरण संपवू. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली वायर बाजारात मिळते आणि ती घराच्या भिंतीत घालू नये, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली की विषय संपला. उलटी गफलतही होते: कथिलाचा मुलामा दिलेली चांगली तांब्याची तार बाहेरून पांढरी दिसते आणि लोक ती अ‍ॅल्युमिनियम समजून परत करतात. तीही खरवडा, आतून लाल असेल. चुंबक लावून बघणाऱ्यांना मात्र हात जोडतो. तांब्याला चुंबक चिकटत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही नाही.

आता खरा गोंधळ. आपण "अडीच एमएम" म्हणतो तेव्हा तो अडीच चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं. वायर बाहेरून किती जाड आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. जाडी प्लास्टिकच्या आवरणाचीही असते आणि प्लास्टिक तांब्यापेक्षा फार स्वस्त. म्हणून हलकी वायर हाताला बऱ्याचदा जास्तच भरीव लागते. अख्खं बंडल हातात तोलून "वजनदार आहे" म्हणणारेही इथेच फसतात.

आपल्याकडे अडीचच्या वायरीत सहसा 0.3 मिलिमीटर व्यासाच्या 36 तारा असतात. त्यांचं क्षेत्रफळ सुमारे 2.54 चौरस मिलिमीटर भरतं. काही हुशार गिऱ्हाईक तारा मोजतात, 36 भरल्या की खूश होतात. पण त्याच 36 तारा 0.26 च्या असतील तर? फरक 0.04 मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा. डोळ्याला तो दिसणं शक्य नाही. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाने घटतं, त्यामुळे ते 1.91 वर येतं. पाव हिस्सा तांबं गायब, आणि मोजायला 36 च्या 36 तारा हजर.

पाव हिस्सा तांबं गेलं की वायरचा रोध एक तृतीयांशाने वाढतो आणि तेवढ्याच करंटला वायरमध्ये उष्णताही एक तृतीयांश जास्त तयार होते. वाईट भाग पुढेच आहे. गीझरच्या लाइनवर आपण 16 अँपिअरची एमसीबी लावतो ती वायर पुरत्या अडीचची आहे असं धरून. वायर आतून दोनहूनही कमी आहे हे एमसीबीला कळायला मार्ग नाही. ती आपल्या हिशेबाने गप्प बसते आणि पाइपात बाकीच्या वायरींसोबत कोंबलेली ही वायर तापत राहते.

मग ओळखायची कशी? मल्टिमीटरने बंडलाचा रोध मोजायचा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा नाही, पण साध्या मीटरवर मला भरवशाचा वाटत नाही. 90 मीटरच्या चांगल्या बंडलाचा रोध सुमारे 0.61 ओहम, हलक्याचा 0.81. साधा मीटर 0.1 च्या टप्प्याने वाचतो आणि त्याच्या प्रोबच्या वायरीच दोन-तीन दशांश खातात. त्यात आणखी एक खोच आहे. बंडल 90 ऐवजी 80 मीटरचंच असेल, तर त्या हलक्या वायरचा रोध 0.72 च्या आसपास दिसतो आणि पुऱ्या 90 मीटरला मानकाने दिलेली कमाल मर्यादाही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे दुसरी लबाडी पहिलीला झाकते.

माझी पसंती सराफाच्या काट्याला. बरोबर एक मीटर वायर कापा, ब्लेडने उभी चीर देऊन आवरण पूर्ण काढा आणि नुसत्या तारा तोला. पुरत्या अडीचचं तांबं साडेबावीस ग्रॅमच्या आसपास भरतं. मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर जेमतेम नऊ-दहा. म्हणजे दोन्ही चोऱ्या एकाच काट्यावर पकडल्या जातात. घरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर दोन मीटरचा तुकडा घ्या.

इथे एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूने सांगायलाच हवी. 22 ग्रॅम भरलं म्हणून भांडायला जाऊ नका, 21 भरलं तरी नाही. मानक वजन सांगत नाही, रोधाची मर्यादा सांगतं: अडीचच्या नरम वायरला किलोमीटरमागे 7.98 ओहम. उत्तम तांबं वापरलं तर ती साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासही पाळता येते. त्याखाली आलं तर मात्र ती अडीचची वायर नव्हे.

गेल्या वर्षी एका दोन खोल्यांच्या कामाला मालकांनी स्वतः बंडलं आणून दिली. डब्यावर "99.97% शुद्ध" मोठ्या अक्षरांत. (शुद्धतेची ही टक्केवारी माझ्या डोक्यात जाते. शुद्ध काय, हे सांगतात, किती ते नाही.) लाल बंडल खरवडलं, तांबं. तारा मोजल्या, 36. कोपऱ्यावरच्या सराफाकडे एक मीटर तोललं, 17.1 ग्रॅम. माझ्याकडच्या जुन्या कामातला उरलेला तुकडा त्याच काट्यावर 22.4.

खरं तर मालकांना किमतीवरूनच शंका यायला हवी होती. अडीचच्या 90 मीटरमध्ये साधारण दोन किलो तांबं असतं. त्या दिवशीचा तांब्याचा किलोचा भाव भंगारवाल्याला फोन करून विचारा, दुप्पट करा. बंडल त्याहून स्वस्त मिळत असेल, तर कंपनी तांबं तोट्यात विकत नसते. डब्यावर आयएसआय खुणेसोबत CM/L ने सुरू होणारा क्रमांक असतो, तो BIS Care अ‍ॅपमध्ये टाकून बघा. आणि काही कंपन्या वायरवर दर मीटरला आकडा छापतात, तशी घ्या. दोन टोकांच्या आकड्यांची वजाबाकी केली की लांबी कळते.

ते बंडल आम्ही परत न्यायला गेलो. दुकानदाराने तारा पिळून दाखवल्या, "तांबंच आहे, बघा ना." मी दोन्ही तुकडे आणि वजनाचे आकडे लिहिलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवली. काही न बोलता त्याने दुसऱ्या कंपनीचं बंडल काढून दिलं आणि आमचं उचलून जिथून आलं होतं त्याच फळीवर पुन्हा ठेवलं.