पगार नसला तरी पेन्शनची तजवीज होते

“ठराविक पगार नसेल तर म्हातारपणासाठी दर महिन्याला पैसे टाकणं जमतच नाही, ते नोकरीवाल्यांचं काम.”

कोकणात हे खरं वाटणं साहजिक आहे. मे महिन्यात पाहुण्यांना खोली पुरत नाही आणि जुलैत अंगणात फक्त पागोळ्या. पण अनियमित असते ती आवक. आपण घरात नेतो ती रक्कम ठराविक ठेवता येते.

मालवणातलं एक घरगुती निवास धरू. पासबुकं काढून तीन वर्षांची, खर्च आणि हप्ते वजा जाता, कमाई लिहा: समजा ३.६, ४.२ आणि ३ लाख. सरासरी नको, सगळ्यात पडलेलं वर्ष घ्या. ३ लाख म्हणजे महिना २५,००० रुपये. सगळी आवक धंद्याच्या खात्यात ठेवायची आणि तिथून १ तारखेला घरखर्चाला २०,००० व म्हातारपणासाठी पीपीएफ या सरकारी बचत खात्याला ३,००० ‘पगार’ काढायचा. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात, दरमहा भरण्याची सक्ती नाही. मात्र ५ तारखेपर्यंत भरलं तर त्या महिन्याचं व्याज मिळतं.

आता खरी परीक्षा. पावसाळ्यातले धंद्याचे खर्च आणि हप्ते बाजूला काढून ३१ मेची शिल्लक २३,०००ने भागा. उत्तर ४ आलं, म्हणजे ९२,००० असले, तर गिऱ्हाईक नसतानाही सप्टेंबरपर्यंत पगार निघतो. कमी आलं तर पगार जास्त ठरलाय, तो उतरवा.

घोळ बहुतेक वेळा मे महिन्यातच होतो: गल्ला भरलेला पाहून पगार वाढवला जातो.