नोकरभरती-स्थगितीची सूचना

आस्थापनेने नवी भरती थांबवून खर्चावर बंधने घातली, की त्याचा परिणाम कोणावर, कशावर आणि किती काळ होणार हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवण्याची पद्धत. ‘भरती बंद’ म्हणजे नवी पदे निर्माण न करणे, मंजूर असलेली रिक्त पदे न भरणे, निवृत्ती वा राजीनाम्याने मोकळी झालेली जागा तशीच ठेवणे किंवा सुरू असलेली निवडप्रक्रिया मध्येच थांबवणे, यांपैकी काहीही असू शकते. सूचनेत यांतले काय अभिप्रेत आहे ते लिहिलेले नसेल, तर वाचणारा बहुधा सर्वांत वाईट अर्थ धरून चालतो.

याचे ठळक उदाहरण ४ सप्टेंबर २०२० चे. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाने त्या दिवशी काटकसरीचे परिपत्रक काढले. आयात कागदावरची छपाई आणि स्थापना दिनाचे सोहळे यांच्या बरोबरीने त्यात नव्या पदनिर्मितीवर बंदी होती. १ जुलै २०२० नंतर खर्च विभागाच्या मान्यतेशिवाय निर्माण झालेली आणि अजून न भरलेली पदे भरू नयेत, असेही त्यात म्हटले होते. केंद्राची नोकरभरतीच बंद झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाला खुलासा करावा लागला: पदे भरण्यावर बंदी नाही, लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग आणि रेल्वे भरती मंडळे यांच्यामार्फत होणारी भरती नेहमीप्रमाणे चालू राहील आणि परिपत्रक फक्त पदनिर्मितीच्या अंतर्गत कार्यपद्धतीपुरते आहे. हा खुलासा मूळ परिपत्रकातच दोन ओळींत बसला असता. मजकूर मंत्रालयांच्या वित्त शाखांसाठी लिहिलेला होता, वाचला मात्र उमेदवारांनी.

महाराष्ट्रात त्याच वर्षी ३१ मार्चला मार्चच्या पगाराची घोषणा ‘कपात’ म्हणून झाली. गट अ आणि ब साठी ५० टक्के, गट क साठी २५ टक्के, गट ड ला कपात नाही. नंतर सांगण्यात आले की पगार कापलेला नाही, तो दोन टप्प्यांत मिळेल. घराचा हप्ता भरणाऱ्यासाठी या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. उरलेली रक्कम बुडाली की लांबली, हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते.

याउलट २३ एप्रिल २०२० चा केंद्राचा महागाई भत्त्याचा आदेश. बातमी कटू, पण त्यात मोघम काही नव्हते. १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ पासूनचे तीन हप्ते मिळणार नाहीत, चालू १७ टक्के दर कायम राहील आणि ३० जून २०२१ पर्यंतची थकबाकी नंतरही दिली जाणार नाही. पहिल्या हप्त्याची ४ टक्के वाढ मार्चमध्येच मंजूर झाली होती. त्यामुळे ५०,००० रुपये मूळ वेतन असलेल्याला त्या एका हप्त्यापोटी महिन्याला २,००० रुपये मिळणार नाहीत, हा हिशेब तो स्वतः करू शकत होता. जुलै २०२१ पासून दर २८ टक्के झाला. थकबाकी द्या ही संघटनांची मागणी पुढेही राहिली, पण आदेशाच्या अर्थाबद्दल वाद नव्हता.

खासगी कंपनीतही सूचना इतकीच नेमकी करता येते. समजा एका विभागात सहा जागा मोकळ्या आहेत. दोघांना नियुक्तिपत्र गेले आहे, एकाची मुलाखत झाली आहे, तीन जागा फक्त मंजूर आहेत. सूचनेत असे लिहावे: “नियुक्तिपत्र मिळालेले दोघे ठरल्या तारखेला रुजू होतील. मुलाखत झालेल्या उमेदवाराला थांबायला सांगितले आहे. उरलेल्या तीन जागा ३१ मार्चपर्यंत भरणार नाही.” त्यापुढे बढत्या, वार्षिक वेतनवाढ, कंत्राटी मुदतवाढ, प्रवास आणि प्रशिक्षण या प्रत्येकाबद्दल ‘चालू’, ‘थांबवले’ किंवा ‘अजून ठरलेले नाही’ असे लिहावे. तिसरा शेरा लिहायला वरिष्ठ कचरतात, पण न ठरलेली गोष्ट गाळली की ती ‘चालू’ म्हणून वाचली जाते. तीन रिकाम्या जागांचे काम कोण करणार आणि कोणते काम मागे पडणार, हेही त्याच पत्रात हवे. नाहीतर स्थगितीचा भार गुपचूप उरलेल्यांच्या अंगावर पडतो.

अपवाद कोणाच्या मंजुरीने होतील हेही आधीच सांगावे लागते. ४ मे २०२० च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात नव्या भरतीवरच्या बंदीतून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळलेले होते. त्यामुळे दवाखान्यातल्या भरतीची जाहिरात पाहून नियम मोडल्याची शंका येण्याचे कारण नव्हते. अपवाद न सांगता स्थगिती जाहीर केली आणि महिन्याभरात नवा चेहरा रुजू झाला, तर पुढच्या कुठल्याच पत्रावर विश्वास बसत नाही.

या सूचनेला कायद्याची एक मर्यादा आहे. जागा न भरणे हा सहसा मालकाच्या अखत्यारीतला निर्णय असतो. पण कामगारांचे वेतन, भत्ते किंवा कामाचे तास अशा सेवाशर्ती बदलायच्या असतील, तर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवसांची नोटीस लागत असे आणि औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही अशी तरतूद आहे. म्हणून भरती स्थगितीच्या पत्रात भत्ताकपात एका ओळीने घुसवून चालत नाही. तिची नोटीस वेगळी द्यावी लागते.