‘पागलखान्या’पासून ‘देवराई’पर्यंत: मनाचा आजार मराठी पडद्यावर कसा आला

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचं आहे. पण वर्धा, यवतमाळ, वाशीमच्या खेड्यांत त्याला आजही या नावानं कोणी ओळखत नाही. तिथं तो ‘पागलखाना’च. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जे चित्र येतं, गज, हातपाय बांधलेली माणसं, डोक्याला लावलेली विजेची यंत्रं, ते प्रत्यक्ष पाहिलेलं फार थोड्यांनी असतं. बहुतेकांपर्यंत ते सिनेमातून पोचलेलं असतं.

हे चित्र अगदीच हवेतून आलं नव्हतं. 1912 च्या कायद्याखाली रुग्णाला दाखल करण्याचा मोठा रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जायचा, म्हणून जुन्या कथांमध्ये आजाऱ्याबरोबर पोलीस दिसतात. विजेचा उपचार 1938 साली रोममध्ये सुरू झाला आणि सुरुवातीची काही वर्षं तो भूल न देताच होई. पुढे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन तो करायची पद्धत आली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर त्याशिवाय तो देण्यावर बंदीच घातली. सिनेमा मात्र तडफडणाऱ्या देहापाशीच थांबून राहिला. शॉकच्या प्रसंगात माणूस शुद्धीवर राहून किंचाळताना दिसला, तर तो प्रसंग आजच्या उपचाराचा नाही, हे प्रेक्षकानं मनाशी पक्कं धरावं. आणि जिथं तो शिक्षा म्हणून दाखवलाय, तिथं दिग्दर्शकाला आजारापेक्षा दहशत हवी होती.

1969 च्या ‘खामोशी’त थोडी माया होती. तिथला रुग्ण राक्षस नाही. पण त्याला बरं करायला नर्सनं प्रेमाचं नाटक करायचं, ही कल्पना उपचार म्हणून धोक्याची आहे. सिनेमाही त्याची किंमत दाखवतो, कारण शेवटी ती नर्सच कोलमडते. ‘प्रेम मिळालं की डोकं ताळ्यावर येतं’ एवढंच प्रेक्षकानं घरी नेलं, तर गावात त्याचं भाषांतर ‘लग्न लावून द्या, सुधरेल’ असं होतं. या सल्ल्यापायी दोन घरं बसतात: आजाऱ्याचं, आणि काहीच न सांगता आणलेल्या सुनेचं.

मराठीत वळण आलं ते 2004 च्या ‘देवराई’नं. दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. भावे समाजकार्याच्या शिक्षणातून सिनेमात आल्या होत्या. ‘बाई’ हा त्यांचा पहिला लघुपट 1985 चा. माणसाकडे आधी नीट बघायचं, मग कॅमेरा लावायचा, ही सवय तिथली. ‘देवराई’मागे दुसरा हात होता डॉ. जगन्नाथ वाणी यांचा. ते कॅनडातल्या कॅलगरीला प्राध्यापक होते, आणि स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजाराशी त्यांच्या स्वतःच्या घराची गाठ पडलेली होती. पुण्यात रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. म्हणजे हा विषय निवडणाऱ्यांत आजाराच्या घरातलं माणूस होतं, आणि पडद्यावर त्याचा फरक पडलेला दिसतो.

सिनेमातला शेष (अतुल कुलकर्णी) कोकणातल्या गावचा, तिथल्या देवराईत जीव गुंतलेला. त्याचा स्किझोफ्रेनिया वाढल्यावर बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला शहरात आपल्या घरी आणते. इथून खरी गोष्ट सुरू होते, कारण कॅमेरा फक्त शेषवर रोखलेला राहत नाही. नवरा, संसार आणि भाऊ यांच्यामध्ये ओढली जाणारी सीना आपण पाहत राहतो. शेषच्या डोक्यात आठवणी आणि आजचा दिवस एकमेकांत मिसळतात, आणि सिनेमाही तसाच मिसळत जातो. त्यामुळे आपण त्याच्याकडे बोट दाखवत नाही, त्याच्या बाजूनं गोंधळतो. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं, हा थरारपटांनी पसरवलेला गैरसमज इथं कुठं डोकावत नाही. खरी लक्षणं वेगळी असतात: नसलेले आवाज ऐकू येणं, पुराव्यानंही न हलणारा संशय, बोलण्याचा धागा तुटणं, हळूहळू माणसांतून उठणं. शेवटचं लक्षण गावात सगळ्यांत उशिरा ओळखलं जातं. पोरगा वावरात जाईना, आंघोळ करीना, म्हणून तो ‘आळशी’ ठरतो. आवाज ऐकू येतात असं तो बोलला, की मग ‘बाहेरचं’ ठरतं आणि देवस्थानाच्या वाऱ्या सुरू होतात.

एक गोष्ट मात्र कुठलाच सिनेमा दोन तासांत नीट दाखवू शकत नाही, आणि ती म्हणजे औषधाचा वेळ. झोप आणि चिडचिड काही दिवसांत सुधारते, पण आवाज आणि संशय ओसरायला बहुधा काही आठवडे लागतात. एखादं औषध पुरेशा मात्रेत चार ते सहा आठवडे दिल्याशिवाय ते ‘लागू पडलं नाही’ असं म्हणता येत नाही. याच काळात हात थरथरणं, अंग आखडणं, लाळ गळणं, सुस्ती असे त्रास दिसू शकतात. शेजारी म्हणतात, ‘गोळ्यांनीच याला येडा केला,’ आणि घरचे गोळ्या बंद करतात. खरं तर यांतले बरेच त्रास डॉक्टरला सांगितले की मात्रा किंवा औषध बदलून कमी होतात. दुसरी चूक उलट्या टोकाची: माणूस चांगला वागू लागला म्हणून परस्पर औषध सोडणं. पुढच्या काही महिन्यांत आजार पुष्कळदा परत येतो, आणि घरच्यांना वाटतं की औषधात दमच नव्हता. पडद्यावर एका गाण्यात बरं होणारा रुग्ण दिसला, की मधले हे आठवडे कापून टाकलेत असं समजावं.

भावे-सुकथनकरांचे नंतरचे आणखी दोन सिनेमे याच वाटेचे, आणि दोन्हींत डॉ. मोहन आगाशे आहेत. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. दोन्हींच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग आहे. ‘अस्तु’त त्यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे प्राध्यापक उभे केले. गाडीत बसवलेले अप्पा हत्तीमागे चालत निघून जातात, तो प्रसंग घरच्या कुणाच्या निष्काळजीपणाचा पंचनामा करत नाही. ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्यात आत्महत्येच्या काठावरून आलेल्या मुलाला जानकी प्रश्न विचारत नाही, नुसती जवळ राहते. आम्हाला तो फार जपून केलेला वाटतो. तरी समुद्रकाठ आणि शांत सोबत हाच सगळा उपचार, असं त्यातून कोणी घेऊ नये.

विदर्भाच्या स्वतःच्या मातीत घडणारा सिनेमा म्हणजे सतीश मनवर यांचा 2009 चा ‘गाभ्रीचा पाऊस’. त्यात कुठल्याही आजाराचं नाव घेतलेलं नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची, किसनाची, धास्ती बसते. ती त्याच्या आवडीचं रांधते, त्याचा प्रत्येक शब्द तोलते, आणि लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे पाठवते. पाऊस, पेरणी, कर्ज आणि घरातली ही पाळत सगळं एकत्र चालतं. मरणाचं एकच कारण काढून दाखवलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सिनेमावाल्यांसाठी जी पुस्तिका काढली, तिचा आग्रहही हाच आहे: आत्महत्येला एकच कारण चिकटवू नका, मरणाची रीत तपशिलात दाखवू नका, मदतीचा रस्ता दिसू द्या.

तिसरी गोष्ट या सिनेमात नाही, कारण अलकाजवळ ती नव्हतीच. आज टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही बोलता येतं, मराठीतही, आणि फोन घरच्या माणसानं केला तरी चालतो. अलकाची पाळत चुकीची नव्हती. पण तिनं किसनाला थेट कधी विचारलं नाही, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत इथंच अडतं. विचारलं तर डोक्यात भलतं भरेल, अशी भीती असते. ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्यानं विचार येत नाहीत. ज्याला ते येत असतात, त्याला बोलायला जागा मिळते. त्याच दिवशी करायचं दुसरं काम म्हणजे घरातला फवारणीच्या औषधाचा डबा उचलून दुसऱ्याच्या घरी, कुलुपात ठेवणं. अशा घटकेची तीव्रता पुष्कळदा थोड्या वेळात उतरते, आणि त्या वेळात डबा हाताशी नसणं हे सहा-सात वर्षांच्या पोराच्या पाळतीपेक्षा जास्त भरवशाचं असतं.