छतावरून टीव्ही टांगणे

व्यायामशाळा, दुकान किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात जिथे भिंत लांब असते, काचेची असते किंवा खाटांनी आणि रॅकनी अडलेली असते, तिथे टीव्ही छतातून खाली आणलेल्या लोखंडी पाइपवर बसवतात. स्लॅबला एक चौकोनी प्लेट, तिच्यातून खाली पाइप आणि पाइपच्या टोकाला पुढे कलणारी फ्रेम, असा हा सांगाडा असतो. पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये स्लॅबच नसतो, म्हणून तिथे पाइप कैचीला किंवा आडव्या लोखंडी पट्टीला क्लॅम्पने आवळतात.

भिंतीवरच्या आणि छतावरच्या टीव्हीत मूळ फरक ओढ कोणत्या दिशेने बसते याचा आहे. भिंतीतल्या स्क्रूवर वजन मुख्यतः आडवे येते, म्हणून प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू यांवरही हलका टीव्ही निभावतो. छतात मात्र सगळी ओढ भोकातून सरळ बाहेर असते. तिथे गिट्टी वापरू नये. काँक्रीटमध्ये फुलून घट्ट बसणारा धातूचा अँकर फास्टनरच हवा आणि त्याची खोली प्लास्टर सोडून, काँक्रीटपासून मोजायला हवी. ड्रिल केल्यावर भोकातली धूळ फुंकून काढली नाही तर फास्टनर नीट पकडत नाही. जिप्समच्या किंवा चौकोनी टाइलच्या फॉल्स सीलिंगला वजन पेलत नाही. पाइप त्यातून आरपार नेऊन वर स्लॅबलाच बांधावा लागतो. पंख्याच्या हुकाचा मोह अनेकांना होतो, पण एका बिंदूवर टांगलेला टीव्ही फिरतो आणि झुलतो, म्हणून तो टाळावा.

वॉर्डातले एक उदाहरण पाहू. स्लॅब साडेदहा फुटांवर आहे आणि टीव्ही 43 इंची, म्हणजे उंचीला सुमारे 22 इंच. खालून स्ट्रेचर आणि सलाइनचे स्टँड जाणार, म्हणून टीव्हीची खालची कड निदान सात फुटांवर हवी. मग टीव्हीचा मध्य 7 फूट 11 इंचांवर येतो आणि स्लॅबपासून तिथपर्यंतचे अंतर 2 फूट 7 इंच होते. उशीला टेकून बसलेल्या रुग्णाचे डोळे जमिनीपासून साधारण 3 फूट 4 इंचांवर असतात. तो 11 फुटांवर असेल तर त्याची नजर सुमारे 23 अंश वर जाते. टीव्ही सरळ ठेवला तर बऱ्याच पॅनेलवर खालून चित्र फिके दिसते आणि ट्यूबलाइटही पडद्यात चमकू शकते. पडदा 15 ते 20 अंश खाली कलवला की दोन्ही त्रास बरेच कमी होतात.

टीव्ही आणि पाइप मिळून 14 किलो धरले तर चार फास्टनरवर प्रत्येकी साडेतीन किलोच येतात. हा आकडा फसवा आहे. कोणी टीव्हीच्या खालच्या कडेला दहा किलोचा आडवा धक्का दिला, तर प्लेटपासून ती कड 42 इंच खाली असल्याने पाइप तरफेसारखा वागतो. प्लेटवरचे बोल्ट पाच इंचांच्या अंतरावर असतील तर एका बाजूच्या दोन बोल्टवर मिळून सुमारे 84 किलोची ओढ येते, म्हणजे प्रत्येकी 42 किलो. पाइप जितका लांब तितकी ही ओढ जास्त. म्हणून लांब पाइपला रुंद प्लेट लागते आणि जिथे हात पोहोचतो तिथे जाड, जमिनीपासून छतापर्यंतचा खांब बरा. त्याला खाली आणि वर दोन्हीकडे आधार मिळतो.

गोंदासारख्या रसायनाने बसवलेले अँकर सतत खाली ओढले जातात तेव्हा वेगळी काळजी लागते. 10 जुलै 2006 रोजी बोस्टनमधल्या एका बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे जड तुकडे मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा मृत्यू झाला. लवकर सुकणारे इपॉक्सी सततच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेले होते, असे तपासात निघाले. टीव्हीचा भार त्या मानाने क्षुल्लक असला तरी कारण तेच लागू पडते. सुरुवातीला घट्ट वाटणारा अँकर महिन्यांनी सैल होऊ शकतो. छतासाठी रसायन वापरायचेच असेल तर सतत टांगलेल्या भारासाठी मान्य केलेलेच घ्यावे.

सैलपणाची खूण टीव्हीवर नाही, वर प्लेटपाशी दिसते. प्लेट आणि स्लॅब यांच्यामध्ये कागद सरकेल इतकी फट, बोल्टभोवती केसासारखी चीर, किंवा टीव्हीच्या माथ्यावर पडलेली पांढरी भुकटी. जिममध्ये वरच्या मजल्यावर ट्रेडमिल असतील तर थरथरीने नटही सुटतात, म्हणून तिथे लॉकनट वापरतात. फॉल्स सीलिंगमुळे प्लेट झाकली जाते, तेव्हा तिच्याजवळची एक टाइल काढता येईल अशी ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर या खुणा कोणालाच दिसत नाहीत. याशिवाय टीव्हीच्या फ्रेमपासून स्लॅबमधल्या वेगळ्या हुकापर्यंत एक बारीक पोलादी दोर बांधतात. तो नेहमी थोडा ढिला असतो. प्लेट निसटलीच तर टीव्ही खाटेवर न पडता त्या दोरावर अडकतो.