कामगाराच्या लग्नाला गेलेला फोरमन: व्यवस्थापकाच्या दहा भूमिका कुठून आल्या

बी.कॉम., एमबीए किंवा नेटच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास भेटतो. व्यवस्थापक आपल्या कामगाराच्या लग्नाला हजेरी लावतो, ही त्याची कोणती भूमिका? पर्यायांत फिगरहेड, लीडर, लिएझन आणि स्पोक्सपर्सन. उत्तर फिगरहेड, म्हणजे संस्थेचा प्रमुख म्हणून पार पाडायचं औपचारिक कर्तव्य. हे लग्न आणि त्याला गेलेला फोरमन व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांच्या १९७५च्या लेखातले आहेत. लग्न तिथे लेथवर काम करणाऱ्या कामगाराचं आहे.

मिंट्झबर्ग यांच्याआधी व्यवस्थापक काय करतो याचं ठरलेलं उत्तर फ्रेंच अभियंते आंरी फेयॉल यांचं होतं. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण ही पाच कार्यं त्यांनी १९१६ मध्ये मांडली. पण कुणी फोनवर बोलत असेल, तर त्या क्षणी तो नियोजन करतोय की समन्वय, हे या यादीवरून सांगता येत नाही. स्वीडनच्या सुने कार्लसन यांनी १९५१ मध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामाच्या नोंदींवरून वेळेचा अभ्यास केला. त्यातून वेळ कुठे जातो हे कळलं, पण प्रत्येक काम कशासाठी केलं गेलं हा प्रश्न राहिलाच.

मिंट्झबर्ग यांनी एमआयटीतल्या पीएच.डी.साठी पाच मुख्याधिकारी निवडले आणि प्रत्येकासोबत एक आठवडा काढला. त्यांत एका सल्लागार संस्थेचे, एका रुग्णालयाचे आणि एका शाळासमूहाचे प्रमुख होते. प्रत्येक भेट, फोन आणि पत्र टिपून घेतलं. निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती, आणि तासाभरापेक्षा जास्त चालणारी कामं दहापैकी जेमतेम एक. मग प्रत्येक नोंदीसमोर त्यांनी एकच प्रश्न ठेवला: त्याने हे का केलं? त्या उत्तरांची वर्गवारी करून १९७३च्या पुस्तकात दहा भूमिका तीन गटांत आल्या: आंतरव्यक्तिगत, माहितीविषयक आणि निर्णयविषयक.

प्रश्न सोडवताना हाच 'का' हाताशी ठेवावा, कारण कृती एकच असली तरी हेतू बदलला की भूमिका बदलते. दुसऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर जेवण ओळख टिकवण्यासाठी असेल तर लिएझन, बाजारात काय चाललंय ते काढून घेण्यासाठी असेल तर मॉनिटर, कराराच्या अटी ठरवण्यासाठी असेल तर निगोशिएटर. आणि महत्त्वाच्या ग्राहकाला मान म्हणून जेवायला नेलं, तर मिंट्झबर्ग स्वतः ते फिगरहेडमध्ये घालतात.

माहितीच्या भूमिकांत दिशा पाहावी. माहिती व्यवस्थापकाकडे आली तर मॉनिटर, त्याच्याकडून आपल्या माणसांकडे गेली तर डिसेमिनेटर, बाहेर गेली तर स्पोक्सपर्सन. इथे एक उदाहरण बहुतेकांना चकवतं. फोरमन पुरवठादाराला मालात बदल सुचवतो. पुरवठादार दिसला की हात निगोशिएटरकडे जातो, पण मिंट्झबर्ग यांच्या १९७५च्या लेखात हे स्पोक्सपर्सन आहे, कारण इथे देवाणघेवाण नाही. फोरमन आपल्या विभागाचं म्हणणं बाहेर पोचवतोय.

निर्णयाच्या गटात आंत्रप्रेन्योर आणि डिस्टर्बन्स हँडलर यांची गल्लत होते. बदल व्यवस्थापकाने स्वतःहून सुरू केला की पहिली, परिस्थितीने गळ्यात घातला की दुसरी. संपाची चाहूल, मोठ्या ग्राहकाचं दिवाळं, पुरवठादाराने फिरवलेला शब्द ही दुसरीची उदाहरणं. नवीन यंत्र आणणं दिसायला आंत्रप्रेन्योर, पण जुनं काल रात्री बंद पडलं म्हणून आणलं असेल तर ते डिस्टर्बन्स हँडलरचं काम.

एक दिवस घेऊन पाहू. सकाळी कच्चा माल येणार नाही असा फोन येतो आणि व्यवस्थापक धावपळ करून दुसरा पुरवठादार गाठतो: डिस्टर्बन्स हँडलर. त्याच्याशी दर आणि तारीख ठरवतो: निगोशिएटर. शिल्लक माल कोणत्या विभागाला किती द्यायचा ते ठरवतो: रिसोर्स ॲलोकेटर. ते पर्यवेक्षकांना कळवतो: डिसेमिनेटर. ग्राहकाला उशिराची कल्पना देतो: स्पोक्सपर्सन. सायंकाळी खचलेल्या टीमला धीर देतो: लीडर.

प्रश्नपत्रिकेत यातलं एकच वाक्य कापून येतं, आणि तिथेच अडचण होते. 'व्यवस्थापकाने पुरवठादाराला फोन केला' एवढंच लिहिलं असेल तर तीन पर्याय बरोबर ठरू शकतात. तो प्रश्नाचा दोष आहे, विद्यार्थ्याचा नाही. मिंट्झबर्ग यांनीही या दहा भूमिका एकसंध असल्याचं बजावलं होतं: संपर्क तोडले तर माहिती आटते, आणि माहिती नसेल तर निर्णय घेता येत नाही. म्हणून चांगला प्रश्न काढणारा 'दर कमी करून घेण्यासाठी' किंवा 'माल का अडला हे जाणून घेण्यासाठी' असे दोन-तीन शब्द वाक्यात घालतो, आणि उत्तर त्या शब्दांवरूनच द्यायचं असतं.