कायमची फारकत की मुदतीची अद्दल: भाव टिकवणाऱ्या दोन धमक्या

दोन विक्रेते एकमेकांशी न भांडता भाव चढे कसे ठेवतात, हे समजावताना ‘ट्रिगर स्ट्रॅटेजी’ हा शब्द येतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. कारण या एकाच नावाखाली दोन वेगळ्या धमक्या नांदतात. पहिली म्हणते: तू एकदा भाव पाडलास, की आपलं कायमचं संपलं. दुसरी म्हणते: तू भाव पाडलास, तर काही काळ मी तुला कमावू देणार नाही, मग पुन्हा पहिल्यासारखं. पहिलीला ग्रिम ट्रिगर म्हणतात, दुसरी म्हणजे मर्यादित शिक्षा. ऐकायला फरक फक्त रागाच्या लांबीचा वाटतो, पण कोणती धमकी कुठे टिकते याचं उत्तर त्याने पार बदलतं.

उदाहरण ठाण्याच्या घोडबंदर रोडचं घेऊ. आकडे मी हिशेबापुरते बनवलेले आहेत. समजा या पट्ट्यातल्या सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवणारे दोघेच आहेत, एक वाघबीळचा आणि एक कासारवडवलीचा. टँकरमागे खर्च १,५०० रुपये. दोघांनी भाव २,५०० ठेवला आहे. आठवड्याला एकूण ४० टँकर लागतात, दोघांच्या वाट्याला २० - २०, म्हणजे प्रत्येकाचा नफा २०,००० रुपये. पाणी दोघांचं सारखंच, त्यामुळे ज्याचा भाव दहा रुपयांनी कमी, त्याला सगळ्या ऑर्डरी. वाघबीळवाल्याने २,४९० लावला तर त्या आठवड्यात चाळीसही टँकर त्याचे. नफा ३९,६००. सोपेपणासाठी ४०,००० धरू. म्हणजे दगा दिल्याचा एका आठवड्याचा जादा फायदा २०,०००.

शिक्षा काय? दोघांनी भाव १,५०० वर आणायचा. नफा शून्य. ही शिक्षा देणाऱ्यालाही लागते, पण समोरचा १,५०० वर असताना तुमच्याकडेही याहून बरा पर्याय नसतो. भाव चढवला तर ऑर्डर नाही, उतरवला तर तोटा. म्हणूनच या धमकीवर विश्वास ठेवता येतो.

आता प्रश्न एवढाच उरतो की वाघबीळवाल्याला उद्याची किती फिकीर आहे. त्यासाठी डिस्काउंट फॅक्टर, म्हणजे δ. पुढच्या आठवड्याचा एक रुपया त्याला आज ९० पैशांचा वाटत असेल, तर त्याचा δ ०.९. त्याच्या पुढच्या आठवड्याचा रुपया δ², म्हणजे ८१ पैसे, असं पुढे चालू.

ग्रिम ट्रिगरमध्ये दगा दिल्यावर त्याचे दर आठवड्याचे २०,००० कायमचे जातात. आजच्या किमतीत ते २०,००० गुणिले (δ + δ² + δ³ + …) इतके. दग्याचा फायदाही २०,०००, म्हणून दोन्हीकडून २०,००० काढून टाकले की अट राहते:

δ / (१ − δ) ≥ १, म्हणजेच δ ≥ १/२.

अर्थ सरळ आहे. पुढच्या आठवड्याचा रुपया ज्याला आज पन्नास पैशांचा किंवा त्याहून जास्त वाटतो, तो दगा देणार नाही. विक्रेते n असतील तर किमान δ हा १ − १/n होतो. तिघांसाठी दोन तृतीयांश, चौघांसाठी पाऊण. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो आणि हिसकावून घेण्यासारखं जास्त उरतं, म्हणून संयम जास्त लागतो.

मर्यादित शिक्षेत शिक्षा T आठवडे चालते आणि अनंत बेरजेच्या जागी मोजकी बेरीज येते: δ + δ² + … + δᵀ ≥ १. बघा काय होतं. T एक असेल, म्हणजे दगा दिल्यावर फक्त एक आठवडा शिक्षा, तर अट δ ≥ १ होते. कोणीही उद्याला आजच्या बरोबरीने मोजत नाही, त्यामुळे ही धमकी या हिशेबात कधीच पुरत नाही. एक आठवडा दुप्पट, एक आठवडा शून्य, पुन्हा पहिल्यासारखं: लबाडाला हे फुकट उधार मिळाल्यासारखंच आहे. दोन आठवड्यांची शिक्षा असेल तर δ किमान ०.६१८ लागतो. तीन आठवड्यांना ०.५४४, चार आठवड्यांना ०.५१९. शिक्षा लांबवत गेलं की आकडा अर्ध्याकडे सरकत जातो, पण पोचत नाही. ग्रिम ट्रिगर ही या रांगेतली शेवटची पायरी, आणि तिच्यासाठी सर्वांत कमी संयम पुरतो. (दहा रुपयांची सूट हिशेबात घेतली तर एक आठवड्याच्या शिक्षेलाही ०.९८ पुरतो. तो फरक दहा रुपयांच्या पायरीमुळे आहे, रागाच्या लांबीमुळे नाही.)

तीन टँकरवाले असले, तर प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश आणि दग्याचा जादा फायदा हिश्श्याच्या दुप्पट. मग दोन आठवड्यांची शिक्षाही पुरत नाही, कारण δ + δ² दोनपर्यंत पोचायला δ एक लागेल. शिक्षा किमान तीन आठवड्यांची हवी, तीही δ सुमारे ०.८१ असेल तरच. विक्रेत्यांच्या संख्येपेक्षा कमी आठवड्यांची शिक्षा म्हणजे नुसता दम.

आता δ ०.५ की ०.६, याचा प्रत्यक्षात फरक पडतो का, अशी शंका येईल, आणि ती रास्त आहे. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर आठवड्याचा δ ०.९९८ च्या आसपास येतो. त्यात महापालिकेची नवी जलवाहिनी येऊन टँकरचा धंदाच बसण्याची शक्यता दर आठवड्याला एक टक्का धरू. मग δ ०.९८८. ०.५ असो की ०.६१८, दोन्ही सहज पार. मग अशी संगनमतं, म्हणजे कार्टेल, फुटतातच कशी?

कारण δ कॅलेंडरच्या आठवड्याचा नसतो, तो दगा आणि त्याची शिक्षा यांमधल्या अंतराचा असतो. समजा सगळ्या सोसायट्या एप्रिलमध्ये वर्षभराचा करार करतात. आता वाघबीळवाल्याने एप्रिलमध्ये भाव पाडून सगळे करार खेचले, तर कासारवडवलीवाला पुढच्या एप्रिलपर्यंत काही करू शकत नाही. एक ‘फेरी’ म्हणजे पूर्ण वर्ष. त्याच दोघांचा, त्याच संयमाचा वार्षिक δ होतो ०.९८८ चा ५२ वा घात, सुमारे ०.५३. ग्रिम ट्रिगरला ०.५ लागतो, म्हणून ती टिकते. तीन वर्षांच्या शिक्षेला ०.५४४ लागतो, ती कोसळते. चार वर्षांची पुन्हा तगते. दोन्ही धमक्यांमधला फरक खरा इथे कळतो. आठवड्याच्या भावात तो दिसत नाही, वार्षिक करारात निर्णायक ठरतो. माझ्या मते अर्थशास्त्राच्या वर्गात किमान δ चा आकडा काढून तिथेच थांबतात, ही मोठी चूक आहे. δ कशाचा, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक अट चटकन सांगून टाकतो. जलवाहिनी कधी येणार याची तारीख पक्की असेल, तर यातली एकही धमकी चालत नाही. शेवटच्या आठवड्यात घाबरायला पुढचा आठवडा नाही, म्हणून दोघेही भाव पाडतील. ते ठाऊक असल्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यातही पाडतील, आणि असं मागे मागे आजपर्यंत. शेवट अनिश्चित हवा.

मग कमी संयम लागणारी ग्रिम ट्रिगर सगळे का वापरत नाहीत? कारण घोडबंदरला नळाला एक दिवस जास्त पाणी येतं. कासारवडवलीवाल्याच्या ऑर्डरी अचानक १२ वर येतात. समोरच्याने सेक्रेटरीला गुपचूप सूट दिली, की सोसायटीची टाकी भरलेली होती? बाहेर लावलेला भाव दोघांचाही २,५०० च आहे, त्यावरून काही कळत नाही. ग्रिम ट्रिगरमध्ये एकदा शंका आली की सगळं कायमचं संपलं. अशी खोटी शंका दर आठवड्याला पाच टक्के शक्यतेने येत असेल, तर कोणीही दगा न देता हे संगनमत सरासरी २० आठवड्यांत मोडतं. तीन आठवड्यांची शिक्षा असेल तर सरासरी २० चांगले आठवडे, मग ३ वाईट, मग पुन्हा चांगले. एकूण काळाच्या सुमारे ८७ टक्के भाव चढाच राहतो. अर्थात या गैरसमजांचा भार दोन्हींवर पडतो. दगा दिला तर तो नक्की कळतोच असं धरलं, तर ग्रिमचा किमान δ अर्ध्यावरून ०.५३ वर जातो आणि तीन आठवड्यांच्या शिक्षेचा ०.५४ वरून ०.५८ वर.

हा विचार अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड ग्रीन आणि रॉबर्ट पोर्टर यांनी १९८४ मध्ये मांडला. त्याआधी १९७१ मध्ये जेम्स फ्रीडमन यांनी दाखवलं होतं, की पुरेशा मोठ्या δ ला कायमच्या फारकतीची धमकी सहकार्य टिकवू शकते. पोर्टर यांनी १९८३ मध्ये १८८० च्या दशकातल्या एका अमेरिकी रेल्वे कार्टेलच्या साप्ताहिक नोंदी तपासल्या होत्या. ते कार्टेल शिकागोहून पूर्व किनाऱ्याकडे धान्य नेण्याचे दर ठरवत असे. त्यात सहकार्याचे काळ आणि भाव पडण्याचे काळ आलटून पालटून आले होते, आणि हे वळण मर्यादित शिक्षेशी जुळतं.

ग्रिम ट्रिगरवर माझा आणखी एक आक्षेप आहे. भाव १,५०० ला येऊन दोन महिने झाले, दोघेही शून्यावर आहेत. मानपाड्याच्या टपरीवर भेटून ‘झालं गेलं सोड’ म्हणायला काय हरकत? दोघांचाही फायदाच. पण ही शक्यता आधीपासून ठाऊक असेल, तर ‘कायमचं संपलं’ ही धमकी कोणी खरी मानणार नाही. मर्यादित शिक्षाही अशीच मुदतीआधी मिटवता येते, पण तीन आठवडे रागावून बसणं जन्मभर रागावून बसण्यापेक्षा पटण्यासारखं आहे. (टपरीवर भाव ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये बसतं, हे वेगळं. त्या कायद्याला करार दिसावा लागतो. नुसते सारखे भाव पुरत नाहीत.)

बाहेरून बघणाऱ्याला कोणती धमकी चालू आहे हे कसं ओळखता येईल? भाव वर्षानुवर्षं एकाच जागी असेल तर काहीच सांगता येत नाही, कारण धमकी चालली तर शिक्षा दिसतच नाही. भाव एकदा कोसळून परत कधी चढला नसेल तर ग्रिम, किंवा मग खरीच स्पर्धा. अधूनमधून काही आठवडे भाव १,५०० ला येऊन अचानक २,५०० ला परतत असेल, आणि त्या काळात डिझेल किंवा पाण्याचा खर्च बदलला नसेल, तर मर्यादित शिक्षेचा संशय घ्यावा. मे महिन्यातल्या आकड्यांवर मात्र हे तपासू नये. तेव्हा दोघांचेही टँकर सकाळपासून भरलेले असतात. ज्याच्याकडे रिकामा टँकर नाही, तो दुसऱ्याच्या ऑर्डरी हिसकावू शकत नाही आणि शिक्षाही देऊ शकत नाही. तेव्हाचा चढा भाव संगनमताचा नसून टंचाईचाही असू शकतो.